लग्नाचा अल्बम उशिरा आला आणि सॅम्पलसारखा नाही: फोटोग्राफरला पत्र कसं लिहायचं

हा लेख एकाच परिस्थितीसाठी आहे. लग्न झालं, फोटो निवडून दिले, फोटोग्राफरने चार-पाच शीट सॅम्पल म्हणून पाठवली आणि तुम्ही ती पास केली. नंतर महिनोन्‌महिने ‘लॅबमध्ये आहे, या आठवड्यात देतो’ ऐकून अल्बम हातात आला, तर आतलं काम वेगळंच. फोटोच मिळाले नाहीत किंवा फोटोग्राफर गायब झाला, तर ते प्रकरण वेगळं आणि त्याला हे पत्र पुरणार नाही.

उदाहरण म्हणून एक हिशोब शेवटपर्यंत घेऊ. कोल्हापुरातलं एप्रिल २०२५ मधलं लग्न. पॅकेज ८५,००० रुपयांचं, त्यात १२ बाय ३६ इंचांचा ४० शीटचा करिझ्मा अल्बम आणि कोटेशनमध्ये त्याची वेगळी लिहिलेली किंमत २२,०००. दिलेले पैसे ७०,०००, बाकी १५,०००. सिलेक्शन १० मे रोजी दिलं आणि कोटेशनवर ‘सिलेक्शननंतर ६० दिवसांत अल्बम’ असं लिहिलेलं, म्हणजे मुदत ९ जुलै. सॅम्पलची पाच शीट २ जूनला पास केली. अल्बम आला ६ डिसेंबरला.

१. अल्बम हातात घेतला त्याच दिवशी दोन ओळी पाठवा

बहुतेक लोक इथंच चुकतात. अल्बम घरी आला की सगळे भोवती जमतात, आजी पानं उलटत बसते आणि तक्रार ‘बघू निवांत’ म्हणून मागे पडते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ मध्ये एक अडचणीची गोष्ट आहे. जिथं वेळेला महत्त्व होतं, तिथं उशिरा झालेलं काम स्वीकारताना ‘उशिराची भरपाई मी मागणार आहे’ असं त्याच वेळी कळवलं नाही, तर ती भरपाई मागण्याचा हक्क जाऊ शकतो. आपल्या अल्बमला वेळेचं महत्त्व होतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा, त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाकून मोकळं व्हा:

> दादा, अल्बम आज ६ डिसेंबरला मिळाला. ठरलेल्या मुदतीपेक्षा खूप उशीर झाला आहे आणि बरीच शीट पास केलेल्या सॅम्पलप्रमाणे नाहीत. त्यामुळे उशीर आणि काम या दोन्हींबद्दलची तक्रार राखून अल्बम ताब्यात घेतला आहे. सविस्तर पत्र पाठवतो.

डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर सही मागितली, तर ‘तपासणीच्या अटीवर मिळाला’ असं सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा. ‘अल्बम चांगल्या स्थितीत मिळाला, तक्रार नाही’ असं आधीच छापलेलं असेल, तर त्यावर काट मारून मग सही करा. अल्बम घेऊन आलेला पोरगा म्हणेल, ‘साहेबांना विचारावं लागेल.’ विचारू द्या.

अल्बम रागारागाने परत पाठवू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

२. आधी चूक एडिटिंगची की छपाईची, ते ठरवा

‘स्क्रीनवर वेगळं दिसतं, प्रिंटमध्ये वेगळं येतं’ हे उत्तर हमखास येतं, आणि ते अर्धं खरं आहे. मोबाईलचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद समोरच्या उजेडावर दिसतो. त्यामुळे प्रिंट थोडी गडद वाटणं ही तक्रार होत नाही. म्हणून कागदाची स्क्रीनशी तुलना करण्याआधी स्क्रीनची स्क्रीनशी तुलना करा.

फोटोग्राफरकडून छपाईला गेलेल्या शीटच्या फायनल जेपीजी मागवा. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला बनवली असेल, तर फाईल साधारण ३६०० बाय १०८०० पिक्सेलची असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाईल दाबून लहान झालेली असते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकवर मागा. मग पास केलेलं सॅम्पल आणि फायनल फाईल एकाच पडद्यावर शेजारीशेजारी उघडा. रात्रीचा पिवळट मोड आणि रंग आपोआप बदलणारी सेटिंग बंद ठेवा.

फाईलमध्येच फरक दिसला, तर काम एडिटिंगमध्ये बिघडलं आहे. फायनल फाईल सॅम्पलसारखीच असेल आणि फक्त कागदावर चेहरे हिरवट किंवा नारिंगी आले असतील, तर गडबड लॅबची आहे. तुमचा व्यवहार फोटोग्राफरशी असल्याने दोन्हींची जबाबदारी त्याचीच. फक्त मागणी बदलते: पहिल्यात एडिटिंग आणि छपाई दोन्ही नव्याने, दुसऱ्यात नुसती छपाई. फायनल फाईल द्यायला टाळाटाळ झाली, तर तारखेसह लेखी मागणी केल्याचं जपून ठेवा. तेही पत्रात येईल.

कागद तपासायचा तर दुपारी खिडकीजवळ. हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलाही शालू वेगळा दिसतो.

३. चाळीस शीटची तीन ढिगांत वाटणी करा

एक वही घ्या आणि शीट क्रमांकाने चाला. शीट म्हणजे अल्बम उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं.

*पहिला ढीग:* जी शीट सॅम्पलमध्ये होती, तुम्ही पास केली आणि छापताना बदलली. ही सगळ्यात भक्कम. आपल्या उदाहरणात सॅम्पल होतं शीट २, ६, ११, १८ आणि २५ चं, आणि त्यातली ६, ११ व १८ बदलली.

*दुसरा ढीग:* सॅम्पलमध्ये नसलेली, पण त्याच पद्धतीने व्हायला हवी होती अशी. इथं ‘आवडलं नाही’ चालत नाही. सॅम्पलमध्ये त्वचा नैसर्गिक होती आणि इथं चेहरे मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत आहेत. सॅम्पलमध्ये मागचा हॉल तसाच ठेवला होता आणि इथं नकली फुलांची कमान घातली आहे. असं सॅम्पलच्या नेमक्या शीटशी जोडून सांगता आलं पाहिजे. उदाहरणात अशी १४ शीट निघाली.

*तिसरा ढीग:* तुम्हाला रुचलं नाही एवढंच. मावशींचा फोटो लहान झाला, हळदीच्या दोनच शीट आल्या वगैरे. हा ढीग पत्रात घालू नका. एक लंगडी तक्रार शेजारच्या सतरा धडधाकट तक्रारींना खाली ओढते, कारण उत्तर देणारा नेमकी तीच उचलतो.

काही दोष रंगाचे नसून मांडणीचे असतात आणि ते घाईत निसटतात. शीटच्या मध्यभागी घडी असते. तिथं कोणाचा चेहरा किंवा दागिना येणार नाही, हे डिझायनरने बघायचं असतं. वधूचा क्लोजअप दोन्ही पानांवर पसरवला आणि घडी बरोबर कोल्हापुरी साजावरून गेली, तर साजाची अर्धी पानं डावीकडे आणि अर्धी उजवीकडे दिसतात, आणि मधलं पदक घडीत जातं. बोटाने घडी दाबून वरून, सरळ फोटो काढा. शेजारी शीट क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. तसंच चेहऱ्यावरचा तीळ पुसला गेला आहे का, नथीचा मोती गालात विरघळला आहे का, मुंडावळ्यांच्या माळा तुटक झाल्या आहेत का, हे चेहरा मोठा करून पाहा. त्वचा गुळगुळीत करताना ब्रश बेफिकीर फिरवला की आधी हेच जातं.

४. उशीर प्रामाणिकपणे मोजा

मुदत ९ जुलै, अल्बम ६ डिसेंबर, म्हणजे १५० दिवस. पण चॅट वर सरकवून बघा. उदाहरणात २० ऑगस्टला घरच्यांनीच लिहिलं होतं, ‘गणपती झाल्यावर दिलात तरी चालेल.’ २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. म्हणजे मुदत तुम्ही स्वतः तिथपर्यंत वाढवून दिली. ती लपवली, तर समोरचा तेवढाच एक स्क्रीनशॉट पुढे करील आणि तुमचं पूर्ण पत्र खोटं वाटायला लागेल. म्हणून दोन्ही आकडे द्या: मूळ मुदतीनंतर १५० दिवस, वाढवून दिलेल्या मुदतीनंतर ९१ दिवस. मागणी ९१ वर उभी करा.

सिलेक्शन तुम्हीच उशिरा दिलं असेल, तर घड्याळ तिथूनच सुरू होतं. दोन हजार फोटोंतून घरातल्या सगळ्यांच्या पसंतीने दोनशे निवडायला दोन-दोन महिने जातात, आणि फोटोग्राफरची ही तक्रार पुष्कळदा खरी असते.

५. कागदपत्रं गोळा करा

- कोटेशन किंवा बुकिंगची पावती. दोन्ही नसतील तर पॅकेज ठरवतानाचे मेसेज.
- पैसे दिल्याचे पुरावे, यूपीआयच्या व्यवहार क्रमांकासह. रोख दिलेल्या रकमेचा उल्लेख असलेला मेसेज.
- सॅम्पलच्या मूळ फाईल आणि ‘पास’ म्हटल्याचा मेसेज, तारीख दिसेल असा.
- प्रत्येक नव्या वायद्याचा मेसेज.
- दोष असलेल्या शीटचे फोटो, आणि मिळाल्या असतील तर फायनल जेपीजी.
- पहिल्या दिवशीचा तक्रार राखून ठेवल्याचा मेसेज.

चॅटचे स्क्रीनशॉट पुरेत असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Export chat` वापरून पूर्ण संवाद काढा आणि ‘आपोआप गायब होणारे मेसेज’ चालू असतील तर आजच बंद करा. मूळ मेसेज ज्या मोबाईलवर आहेत तो विकू किंवा फॉरमॅट करू नका. प्रकरण पुढे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असलं की ते सोपं जातं.

६. पत्र कोणाच्या नावाने, कोणाला

बुकिंग मुलीच्या वडिलांच्या नावाने असेल, तर पत्र त्यांच्याच नावाने जावं. खाली नवरा-नवरीनेही सही करावी, कारण सेवा त्यांच्यासाठी घेतली होती. समोरच्या बाजूला नुसतं स्टुडिओचं नाव घालू नका. पाटीवरचं नाव हे बहुतेक वेळा फक्त नाव असतं, पैसे एका माणसाच्या खात्यात गेलेले असतात. ‘श्री. अमुक, मालक, तमुक फोटो स्टुडिओ’ असं लिहा आणि पत्ता पावतीवरचा घ्या. दुकान शाहूपुरीतून राजारामपुरीत हललं असेल, तर दोन्ही पत्त्यांवर पाठवा.

७. मागणी ठरवा

मागणी अशी हवी की समोरच्याला ती पूर्ण करता येईल. मुख्य मागणी: सदोष १७ शीट पास केलेल्या सॅम्पलप्रमाणे पुन्हा बनवून, छपाईआधी मंजुरीला पाठवून, नवीन अल्बम स्वखर्चाने द्यावा. ‘फक्त सतरा शीट सुटी छापून देतो’ हे मान्य करू नका. करिझ्मा अल्बममध्ये शीट पाठीला पाठ चिकटवलेली असतात. मधली काढून दुसरी घालता येत नाही, म्हणून अल्बम पूर्णच बांधावा लागतो.

पर्यायी मागणी: ते जमत नसेल तर अल्बमचे २२,००० परत आणि निवडलेल्या फोटोंच्या पूर्ण आकाराच्या जेपीजी, म्हणजे दुसरीकडून अल्बम करून घेता येईल. इथं ‘फोटोंचा कॉपीराइट आमचा’ असं ऐकायला मिळतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाराच असतो. मात्र डिझायनरच्या पीएसडी फाईल मागू नका. ते त्याचं मांडणीचं काम आहे आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

उशिराची भरपाई वेगळी आणि माफक ठेवा, उदाहरणात ५,०००. २२,००० च्या अल्बमसाठी दोन लाखांचा मनस्ताप मागितला, की समोरचा पत्र वाचायचं सोडून वकील शोधतो.

बाकी १५,००० बद्दल ‘एक पैसा देणार नाही’ असं कधीही लिहू नका. रक्कम तयार आहे आणि ठरल्याप्रमाणे अल्बम मिळताच देऊ, असं लिहा. नाहीतर पैसे बुडवणारे तुम्हीच ठरता.

८. पत्र

> दिनांक: १० डिसेंबर २०२५
>
> प्रति,
> श्री. ______, मालक, ______ फोटो स्टुडिओ, ______, कोल्हापूर
>
> विषय: लग्नाचा अल्बम मुदतीनंतर व पास केलेल्या सॅम्पलपेक्षा वेगळा मिळाल्याबाबत
>
> स. न. वि. वि.
>
> दि. ______ च्या कोटेशनप्रमाणे आपणांस लग्नाचे फोटो व ४० शीटच्या अल्बमचे काम ८५,००० रुपयांना दिले. त्यापैकी ७०,००० रुपये आपणांस पोहोचले आहेत.
>
> उशीर: सिलेक्शन १० मे २०२५ रोजी दिले. मुदत ९ जुलैला संपली. आमच्या २० ऑगस्टच्या मेसेजने ती ६ सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली होती. अल्बम ६ डिसेंबरला, म्हणजे वाढीव मुदतीनंतरही ९१ दिवसांनी मिळाला. त्याच दिवशी आम्ही तक्रार राखून तो ताब्यात घेतल्याचे कळवले आहे.
>
> काम: २ जूनला पास केलेल्या पाच शीटपैकी तीन शीट आम्हांस न विचारता बदलली आहेत:
> शीट ६: सॅम्पलमध्ये त्वचा नैसर्गिक. अल्बममध्ये वधूच्या गालावरचा तीळ पुसला आहे.
> शीट ११: सॅम्पलमध्ये अंतरपाट धरलेले दोन्ही मामा पूर्ण दिसतात. अल्बममध्ये एक कापला असून मागे कृत्रिम कमान घातली आहे.
> शीट १८: सॅम्पलमध्ये शालू गडद डाळिंबी. अल्बममध्ये भडक लाल. हा फरक आपण दिलेल्या फायनल फाईलमध्येही आहे.
> याच स्वरूपाचे दोष असलेल्या आणखी १४ शीटची यादी व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> मागणी: (१) सदर १७ शीट सॅम्पलप्रमाणे दुरुस्त करून, छपाईपूर्वी आमची लेखी मंजुरी घेऊन, पूर्ण अल्बम ३१ जानेवारी २०२६ पर्यंत स्वखर्चाने द्यावा. (२) ते शक्य नसल्यास अल्बमचे २२,००० रुपये परत करून निवडलेल्या फोटोंच्या पूर्ण आकाराच्या जेपीजी द्याव्यात. (३) उशिरापोटी ५,००० रुपये द्यावेत.
>
> बाकी १५,००० रुपये तयार असून मागणी (१) प्रमाणे अल्बम मिळताच देऊ. मागणी (२) आपण स्वीकारल्यास ही रक्कम हिशोबात धरावी. सध्याचा अल्बम नवीन मिळाल्यावर परत करू.
>
> कृपया २९ डिसेंबर २०२५ पर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करावी लागेल.
>
> आपला, ______ (सह्या)
> सोबत: दोषांची यादी, फोटो, कोटेशन, पैसे दिल्याचे पुरावे, २ जूनचे मेसेज

दोन्ही मुद्दे वेगळे ठेवले आहेत ते बघा. ‘उशीर झाला तो झाला, पण काम तर केलं ना’ असं म्हणून एका उत्तरात दोन्ही गुंडाळता येत नाहीत. ‘फसवणूक’, ‘पोलिसात देऊ’, ‘बदनामी करू’ हे शब्द कुठंही नाहीत, आणि तुमच्या पत्रातही नकोत. हा करार नीट न पाळल्याचा मामला आहे. गुगलवर एक तारा देऊन चार ओळी खरडायची खुमखुमीही उत्तर येईपर्यंत आवरा. मग वाद अल्बमवरून रिव्ह्यूवर सरकतो.

९. पाठवणं आणि त्यानंतर

पोस्टाचं रजिस्टर १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट मागा, पोहोचीची सोय घ्या आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचा. त्याच दिवशी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेलवरही पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं, तर ते फोडू नका. बंद पाकीटच पुरावा आहे.

फोटोग्राफरचा फोन येईलच. बोला, पण ठेवल्यावर लगेच मेसेज टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे शीट ६, ११, १८ पंधरा तारखेपर्यंत दाखवणार आहात.’ ‘दोनच करेक्शन फुकट’ असा नियम सांगितला, तर तो ग्राहकाने मन बदललं तर लागू होतो, पास केलेल्यावर परत येण्याला नाही, असं शांतपणे लिहा.

तारीख उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथं मध्यस्थीचा प्रयत्न होतो, आदेश होत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते, म्हणून स्टुडिओ सांगलीचा असला तरी कोल्हापूरकराला कोल्हापुरात जाता येतं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. नवनव्या वायद्यांनी ती आपोआप लांबते या भरवशावर राहू नका.

आणि दुरुस्त शीट मंजुरीला आली, की पुन्हा तेच: त्याच पडद्यावर, सॅम्पलशेजारी उघडून, प्रत्येक शीटला क्रमांकासह ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर, कारण…’ असं लिहा. ‘सगळं छान, छापा’ असं एका ओळीत पाठवलंत, तर पुढच्या वेळी ते सॅम्पल तुमच्या विरुद्ध उभं राहील.